तूट कुठून आली?

सोसायटीच्या वार्षिक सभेत खजिनदाराच्या निवेदनातली पहिली ओळ तुटीची असते, दुसरी वर्गणीची. या दोहोंमध्ये जे लिहायला हवे, तेच बहुतेकदा राहून जाते.

समजा, 40 सारख्या सदनिकांची इमारत आहे. वर्षाला 12 लाख आकारणी झाली, खर्च 14,40,000 झाला, तूट 2,40,000. चांगले निवेदन ही तूट फोडून दाखवते: लिफ्टची मोटर बदलायला 96,000 आणि पाण्याच्या जादा टँकरना 1,44,000. मोटर पुन्हा लगेच बदलावी लागणार नाही, टँकर मात्र पुढच्या उन्हाळ्यातही येणार. म्हणून झालेली तूट भरायला प्रत्येकी एकदाच 6,000 रुपये आणि यापुढे दरमहा 300 रुपये वाढ, असे दोन वेगळे ठराव हवेत. एकच केला, तर पुढच्या वर्षी तीच तूट पुन्हा समोर येते.

खरी गफलत थकबाकीत होते. आकारणी झालेली, पण न आलेली रक्कम उत्पन्नात आधीच धरलेली असते. त्यामुळे थकबाकीने तूट येत नाही, बँकेत पैसे कमी पडतात. त्यासाठी वर्गणी मागणे म्हणजे वेळेवर भरणाऱ्यांकडून दुसऱ्यांचे पैसे वसूल करणे. तो मार्ग मला सरळ अन्यायाचा वाटतो. तिथे वसुलीच करावी लागते. सिंकिंग फंडाकडेही बोट दाखवू नये. तो इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी किंवा मोठ्या दुरुस्तीसाठी असतो, टँकरसाठी नाही.

निवेदन हाती आले की आधी ताळेबंदातली थकबाकी पाहावी, मग वर्गणीचा आकडा.