पेनिसिलिन: बशीतून टाकीपर्यंत

मंडळात पेनिसिलिनचा विषय निघाला की गोष्ट फ्लेमिंगच्या बशीपाशीच संपते. मला त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात, म्हणून हा छोटा टिपणवजा लेख.

सप्टेंबर १९२८. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परतले. जंतू वाढवायला ठेवलेल्या काचेच्या एका बशीत बुरशी लागली होती. म्हणजे बशी टाकूनच द्यायची! पण बुरशीच्या भोवतालचे जंतू विरघळून गेल्यासारखे दिसत होते. बुरशीतून पाझरणाऱ्या त्या द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन नाव दिलं आणि १९२९ मध्ये शोधनिबंध लिहिला. मात्र ते शुद्ध करून टिकवणं काही जमलं नाही.

ते जमलं ऑक्सफर्डला, फ्लोरी, चेन आणि हीटली यांना. अडचण वेगळीच होती. त्यांची बुरशी द्रवाच्या फक्त पृष्ठभागावर, सायीसारखी वाढायची. भांडं खोल असून उपयोग नाही, ते पसरट हवं. म्हणून त्यांनी सुरुवातीला रुग्णांची शौचाची भांडीसुद्धा वापरली, मग तशाच घाटाची चिनी मातीची शेकडो भांडी करवून घेतली. इतकं करून हाती यायची चिमूटभर पूड.

फेब्रुवारी १९४१ मध्ये ती अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला टोचली. चेहऱ्यावरून संसर्ग पसरून त्याचा एक डोळा काढावा लागला होता. एका दिवसात उतार दिसू लागला, ताप गेला, तो जेवू लागला. पण औषध संपत आलं. शरीर पेनिसिलिन झपाट्यानं लघवीवाटे बाहेर टाकतं, म्हणून त्याच्या लघवीतून ते पुन्हा काढून टोचलं. तेही पुरलं नाही. संसर्ग उलटला आणि मार्चमध्ये तो गेला. औषध लागू पडलं होतं, कमी पडली ती मात्रा.

त्याच उन्हाळ्यात फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत पोचले. मक्यापासून स्टार्च काढताना उरणारं दाट पाणी तिथं मुबलक होतं. ते घातल्यावर उत्पन्न कितीतरी पटींनी वाढलं. द्रवात बुडूनही वाढेल अशा बुरशीचा शोध सुरू झाला, आणि १९४३ मध्ये पिओरियाच्याच बाजारातल्या एका सडक्या खरबुजावर अशी भरघोस उत्पन्न देणारी बुरशी सापडली. आता भांड्यांऐवजी टाकी चालणार होती.

१९४४ च्या मार्चमध्ये फायझरनं ब्रुकलिनला, बर्फाच्या जुन्या कारखान्यात, साडेसात हजार गॅलनच्या चौदा टाक्या सुरू केल्या. आत निर्जंतुक हवा सतत सोडायची आणि द्रव ढवळत राहायचं, नाहीतर बुडालेली बुरशी गुदमरते. गंमत अशी, की बाहेरून आलेल्या बुरशीमुळे जे सापडलं, त्याच्या टाकीत बाहेरचा एक जंतू शिरला तर घात. काही जंतू पेनिसिलिनच नष्ट करणारं द्रव्य सोडतात, आणि अख्खी टाकी ओतून द्यावी लागते.

आपल्या शेजारी पिंपरीला, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, पेनिसिलिनचं उत्पादन १९५५ मध्ये सुरू झालं.