खिडकीजवळचे जास्वंदीचे फूल

एका शाळेत सातवीच्या मुलांनी प्रकल्पासाठी जास्वंदीच्या फुलाचे फोटो मोबाइलवर काढले होते. फुलातले पुंकेसर मोजायचे होते. फोटो लहान पडद्यावर छान दिसत होते, पण मोठे करून पाहिल्यावर पुंकेसरांच्या जागी पिवळसर पुसटपणा होता. मोजणार काय? मुलांना वाटले, मोबाइल स्वस्तातला आहे म्हणून असे झाले. खरे कारण वेगळे होते. ते फूल वर्गाच्या मध्यावर, खिडकीपासून सुमारे २ मीटर अंतरावर ठेवलेले होते.

आपल्या डोळ्यांना वर्गात सगळीकडे सारखाच उजेड वाटतो, कारण डोळे लगेच जुळवून घेतात. प्रत्यक्षात साधारण १ मीटर रुंद खिडकीसमोर अर्ध्या मीटरवर जितका प्रकाश पडतो, त्याच्या जेमतेम आठवा भाग २ मीटरवर पोचतो. बहुतेक मोबाइलमध्ये भिंगाचे छिद्र लहानमोठे करता येत नाही. त्यामुळे प्रकाश कमी पडला की कॅमेऱ्याकडे दोनच उपाय उरतात: जास्त वेळ प्रकाश गोळा करणे, किंवा मिळालेला क्षीण संकेत वाढवणे. दुसऱ्या उपायाने चित्र रवाळ होते. पहिल्याने काय होते, ते हिशेब करून पाहू.

समजा, खिडकीजवळ १/१२० सेकंद पुरतो. मग वर्गाच्या मध्यावर त्याच्या आठपट, म्हणजे १/१५ सेकंद लागेल. (मोबाइल सहसा दोन्ही उपाय थोडेथोडे वापरतो, पण आपण येथे एकच धरू.) चित्राची रुंदी ४००० पिक्सेल असेल आणि भिंग सुमारे ६७ अंशांचे दृश्य टिपत असेल, तर दर अंशाला ६० पिक्सेल येतात. हातात धरलेला मोबाइल सेकंदाला एक अंश हलला, तर १/१५ सेकंदात चित्र ४ पिक्सेल सरकेल, आणि १/१२० सेकंदात फक्त अर्धा. पहिल्या चित्रात परागकोशांच्या कडा एकमेकींत मिसळतील, दुसऱ्यात त्या सुट्या राहतील. हात दोन्ही वेळा सारखाच हलला होता!

म्हणून टेबल आधी खिडकीशी न्यावे. उन्हाचा कवडसा थेट फुलावर पडत असेल तर पांढरे पातळ कापड आडवे धरावे, नाहीतर सावल्या काळ्याकुट्ट येतात. खिडकी फुलाच्या बाजूला हवी, मागे नको. मागे असली तर कॅमेरा खिडकीचा उजेड पाहून वेळ कमी करतो आणि फूल काळवंडते. बाजूने येणाऱ्या प्रकाशात पाकळ्यांवरच्या शिराही उठून दिसतात. खिडकीच्या विरुद्ध बाजूला वहीचा कोरा कागद उभा केला की सावलीतला भाग उजळतो. वर्गातले दिवे बंद ठेवावेत, कारण दोन प्रकारच्या प्रकाशात पाकळीचा रंग एका बाजूला वेगळा दिसतो.

आता हात. दोन्ही कोपरे टेबलावर टेकवावीत, किंवा मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा करावा. पडद्यावर बोट दाबतानाच बरीच हालचाल होते, म्हणून २-३ सेकंदांचा टायमर लावणे चांगले. आणि पंखा बंद करावा! हात कितीही स्थिर असला, तरी डुलणाऱ्या फुलाला त्याचा काय उपयोग? हे आम्हीही प्रयोगशाळेत विसरतो.

फोटो बिघडला तर मोठा करून पाहावा, कारण तेथेच कळते. चित्रातली प्रत्येक कड एकाच दिशेने फराटलेली असेल तर मोबाइल हलला. टेबल स्पष्ट आणि फूलच फराटलेले असेल तर फूल हलले. पुंकेसर पुसट, पण मागची पाकळी रेखीव असेल तर केंद्रीकरण चुकले; पडद्यावर पुंकेसरांवरच बोट टेकवून पुन्हा काढावा. सगळेच धुरकट असेल तर बहुधा भिंगावर बोटाचा डाग आहे. तो मऊ सुती कापडाने पुसावा.

चौकट साधी ठेवावी. मुले फुलाच्या अगदी जवळ जातात, पण मोबाइलच्या मुख्य भिंगाला फार जवळचे स्पष्ट दिसत नाही. सुमारे २० सेंटिमीटरवर थांबावे. तेथून दर मिलिमीटरला साधारण १५ पिक्सेल मिळतात, तेव्हा नको तो भाग नंतर कापता येतो. मागे एकरंगी कागद लावावा. पुंकेसरांची नळी चौकटीत आडवी यावी, म्हणजे टोकाची वर्तिकाग्रे आणि तळापर्यंतचे पुंकेसर भिंगापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर राहतात आणि एकाच वेळी स्पष्ट येतात. शेजारी, त्याच पातळीवर, मोजपट्टी ठेवली की लांबीही फोटोवरूनच मोजता येते. एका फोटोत नळीची एकच बाजू दिसते, म्हणून देठ हलकेच फिरवून दुसऱ्या बाजूचाही फोटो घ्यावा, आणि कडेचे पुंकेसर दोनदा मोजले जाणार नाहीत याकडे लक्ष ठेवावे.