रतिबाचे अ‍ॅप स्टोअरवर चढवताना

अ‍ॅप बनवणाऱ्याचे पैसे चुकते झाले, मालकाच्या फोनवर अ‍ॅप उघडले, बटणे चालली. आता ते गूगल प्ले आणि अ‍ॅपल अ‍ॅप स्टोअरवर टाकले की झाले, असे वाटण्याची हीच वेळ. अनेक छोट्या व्यवसायांची गाडी नेमकी इथे अडते, आणि बहुतेक वेळा दोष अ‍ॅपच्या कामात नसतो. खाते चुकीच्या प्रकारचे असते, तपासणाऱ्याला अ‍ॅपमध्ये शिरताच येत नाही, किंवा फॉर्मवर लिहिलेले एक आणि अ‍ॅप करते दुसरेच, असे काहीतरी निघते.

उदाहरणादाखल तालुक्याच्या गावातली एक दूध डेअरी घेऊ. शे-दोनशे घरांचा रतीब. कोणी गावाला जाणार म्हणून खाडा सांगतो, कोणाला सणासाठी अर्धा लिटर जादा हवे असते, आणि महिनाअखेरीस गिऱ्हाइकाच्या कॅलेंडरवरच्या खुणा डेअरीच्या वहीशी जुळत नाहीत. म्हणून मालक साधे अ‍ॅप करून घेतो. मोबाइल क्रमांक टाकून आत जायचे, खाडा किंवा जादा दूध नोंदवायचे, महिन्याचे बिल बघायचे आणि यूपीआयने भरायचे. एवढे अ‍ॅप दोन्ही दुकानांत पोचेपर्यंत काय काय घडते?

खाते कोणाच्या नावावर?

गूगलच्या विकासक खात्याची फी २५ डॉलर, तीही एकदाच. अ‍ॅपलची फी ९९ डॉलर आणि ती दरवर्षी. अ‍ॅपलची वर्गणी थकली तर अ‍ॅप दुकानातून उतरते. आधी ज्यांनी घेतले त्यांच्या फोनवर ते राहते, पण नव्या गिऱ्हाइकाला ते मिळत नाही. गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांकडे अँड्रॉइड फोन असतील, तर आधी गूगल आणि मागाहून अ‍ॅपल हा क्रम खिशाला बरा.

फीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न खात्याच्या प्रकाराचा आहे. दोन्हीकडे व्यक्तीचे खाते आणि संस्थेचे खाते असे दोन प्रकार असतात. संस्थेच्या खात्यासाठी डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही कंपनी देत असलेला नऊ अंकी डी-यू-एन-एस क्रमांक लागतो. तो फुकट मिळतो, पण हाती यायला काही आठवडे लागू शकतात. त्या नोंदीतले नाव-पत्ता आणि खात्यातले नाव-पत्ता यांत फरक असला, एकीकडे ‘प्रा. लि.’ आणि दुसरीकडे नुसते दुकानाचे नाव असे काही असले, तर पडताळणी अडकते.

डेअरी एकट्या मालकाच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरी असेल तर अ‍ॅपल तिला संस्था मानत नाही. मालकाला व्यक्ती म्हणूनच नोंदणी करावी लागते आणि दुकानात विक्रेता म्हणून डेअरीचे नाही, तर मालकाचे स्वतःचे कायदेशीर नाव दिसते. फलकावरचे नाव तिथे चालत नाही. अ‍ॅपला मात्र डेअरीचे नाव देता येते.

या भानगडी टाळण्यासाठी अ‍ॅप बनवणारा एक सोपा तोडगा सुचवतो: ‘माझ्याच खात्यावरून टाकतो की!’ तो स्वीकारू नये. अ‍ॅपलच्या नियम ४.२.६ प्रमाणे तयार साच्यातून बनवलेले अ‍ॅप ज्याचा व्यवसाय आहे त्यानेच दाखल करायचे असते. साचे विकणाऱ्याने गिऱ्हाइकांच्या वतीने टाकलेली अ‍ॅप्स परत येतात. शिवाय त्याच्या खात्यावरच्या दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमुळे गूगलने ते खाते बंद केले, तर डेअरीचे अ‍ॅपही त्याबरोबर जाते. खाते मालकाच्या नावावर काढून बनवणाऱ्याला त्यात मर्यादित अधिकार देण्याची सोय दोन्हीकडे आहे. एका खात्यावरचे अ‍ॅप दुसऱ्या खात्यावर हलवता येते, पण त्यासाठी जुन्या खातेदाराची तयारी लागते.

बारा जण, चौदा दिवस

व्यक्तीच्या खात्याला गूगलची एक खास अट आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या अशा खात्यावरून अ‍ॅप थेट सर्वांसाठी खुले करता येत नाही. आधी बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. किमान बारा परीक्षक हवेत आणि त्यांनी सलग चौदा दिवस चाचणीत नोंदलेले असायला हवे. सुरुवातीला ही संख्या वीस होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती बारावर आली. संस्थेच्या खात्यांना ही अट नाही.

डेअरीला ही अट जड जाऊ नये, कारण बारा घरे तर एका गल्लीत मिळतात. त्यांचे जीमेल पत्ते यादीत घालायचे, निमंत्रणाची लिंक पाठवायची आणि प्रत्येकाने ती उघडून होकार द्यायचा. चूक होते ती पुढे. बारा जण मोजून घेतले जातात, त्यातला एक आठव्या दिवशी बाहेर पडतो आणि चौदा दिवसांचे गणित कोलमडते. म्हणून पंधरा-वीस जण घेतलेले बरे. चाचणी संपल्यावर गूगल प्रश्नही विचारते: परीक्षकांनी काय वापरले, काय सांगितले, तुम्ही काय बदलले? नुसती नावे नोंदवून अ‍ॅप कोणी उघडलेच नसेल, तर पुन्हा चाचणी घ्यायला सांगितले जाते. रतिबाच्या अ‍ॅपवर या दोन आठवड्यांत खरोखरचे खाडे टाकून घेतले, तर उत्तरे आपोआप तयार होतात.

फॉर्म भरताना

दुकानाच्या पानासाठी लागणारे साहित्य फार नसते. नाव दोन्हीकडे ३० अक्षरांच्या आत बसवायचे. वर्णन, चिन्ह आणि अ‍ॅपच्या खऱ्या पडद्यांची चित्रे द्यायची. वयोगटाची प्रश्नावली असते. गोपनीयता धोरणाची लिंक मात्र चालू असलीच पाहिजे.

खरी परीक्षा असते माहितीविषयीच्या जाहीरनाम्याची. गूगल त्याला ‘डेटा सेफ्टी’ म्हणते. अ‍ॅपलकडेही अशीच प्रश्नावली आहे. अ‍ॅप कोणती माहिती गोळा करते, कशासाठी, ती कोणाला देते, हे त्यात सांगायचे. डेअरीचा मालक ‘काहीच गोळा करत नाही’ असे भरून मोकळा होतो. पण अ‍ॅप नाव, मोबाइल क्रमांक आणि घराचा पत्ता घेते. शिवाय ते कुठे बंद पडते याची नोंद ठेवणारा तयार कोड बनवणाऱ्याने आत बसवलेला असेल, तर फोनची माहितीही बाहेर जाते. जाहीरनामा आणि वर्तन यांत तफावत दिसली की अ‍ॅप परत येते. हा फॉर्म म्हणूनच बनवणाऱ्याला शेजारी बसवून भरावा.

परत येण्याची चार कारणे

अ‍ॅपलच्या म्हणण्याप्रमाणे सरासरी ९० टक्के अर्ज २४ तासांत तपासले जातात. गूगल सात दिवसांपर्यंत, कधी त्याहून जास्त वेळ घेते. नकार ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. २०२४ मध्ये अ‍ॅपलने ७७ लाखांहून अधिक अर्ज तपासले आणि १९ लाखांहून अधिक नाकारले.

पहिले कारण ओटीपी. तपासणारा माणूस बहुधा परदेशात बसलेला असतो आणि त्याच्याकडे भारतीय सिमकार्ड नसते. मोबाइल क्रमांकाच्या पडद्यापुढे तो जाऊ शकत नाही, आणि अ‍ॅपल नियम २.१ खाली अ‍ॅप अपूर्ण म्हणून परत करते. यावर उपाय म्हणजे चाचणीसाठी एक ठरावीक क्रमांक आणि त्याचा ठरावीक ओटीपी अ‍ॅपमध्ये ठेवणे आणि अर्जासोबत तो कळवणे. गूगलच्या फॉर्ममध्येही यासाठी स्वतंत्र जागा आहे. त्या चाचणी खात्यात मागच्या महिन्याचे बिल आणि दोन-चार खाडे आधीच भरून ठेवावेत. रिकामा पडदा पाहून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही.

दुसरे कारण नको त्या परवानग्या. ओटीपी आपोआप वाचला जावा म्हणून बनवणाऱ्याने `READ_SMS` ही परवानगी घातलेली असते. ही परवानगी गूगल अगदी मोजक्या प्रकारच्या अ‍ॅप्सना देते. दूधवाल्याचे अ‍ॅप त्यात बसत नाही. ‘एसएमएस रिट्रीव्हर’ ही गूगलचीच सोय वापरली तर परवानगीशिवाय तेच काम होते. आयफोनवर कॅमेरा किंवा ठिकाण मागायचे असेल तर ते कशाला हवे, हे स्पष्ट वाक्यात सांगावे लागते. ‘अ‍ॅप चालण्यासाठी आवश्यक’ एवढ्याने भागत नाही. ‘दूध पोचवण्यासाठी तुमचे घर नकाशावर दाखवण्याकरिता’ असे लिहावे.

तिसरे कारण, संकेतस्थळालाच अ‍ॅपचे कव्हर घालणे. अ‍ॅपलच्या नियम ४.२ ची कुऱ्हाड इथे पडते. ब्राउझरमध्ये जे दिसते तेच अ‍ॅपमध्ये दिसत असेल, तर वेगळे अ‍ॅप कशाला, असा अ‍ॅपलचा सवाल असतो. उद्याचा खाडा रात्री आठपर्यंत कळवा अशी सूचना फोनवर येणे, नेट नसतानाही हिशेब दिसणे, अशा गोष्टी असल्या की बाजू भक्कम होते.

चौथे कारण, खाते मिटवण्याची सोय नसणे. अ‍ॅपमध्ये खाते उघडता येत असेल तर ते अ‍ॅपमधूनच मिटवताही आले पाहिजे. अ‍ॅपलने हे ३० जून २०२२ पासून सक्तीचे केले. गूगलला त्याशिवाय अ‍ॅपबाहेरची, वेबवरची लिंकही लागते. ‘दुकानात फोन करा’ हे उत्तर चालत नाही.

नकाराच्या पत्रात नियमाचा क्रमांक आणि बहुतेकदा पडद्याचे चित्रही असते. अ‍ॅपलला तिथेच उत्तर लिहून शंका विचारता येते, अपीलही करता येते. काहीही न बदलता तेच अ‍ॅप पुन्हापुन्हा पाठवणे मात्र महागात पडते. गूगलकडे वारंवार नियमभंगाची नोंद झाली तर खातेच बंद होऊ शकते.

दुधावर कमिशन नाही

दुकाने विक्रीतला वाटा कापतात, या ऐकीव माहितीने मालक धास्तावतात. दूध, किराणा, केस कापणे यांसारख्या प्रत्यक्ष वस्तू व सेवांवर दोघेही कमिशन घेत नाहीत. तिथे यूपीआय किंवा पेमेंट गेटवेच वापरायचा असतो. अ‍ॅपमध्येच वापरायच्या डिजिटल मालाचा, उदाहरणार्थ पाककृतींच्या सशुल्क व्हिडिओंचा, हिशेब वेगळा. तिथे दुकानाचे कमिशन लागते आणि छोट्या व्यावसायिकांसाठी ते साधारणपणे १५ टक्के असते.

खर्च धरायचा तो पुढच्या देखभालीचा. गूगल दरवर्षी नव्या अँड्रॉइडशी जुळवून घेण्याची मुदत देते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अ‍ॅप्सना अँड्रॉइड १५ लक्ष्य धरणे सक्तीचे झाले. अ‍ॅप फार मागे राहिले तर नवे फोन घेणाऱ्यांना ते दुकानात दिसेनासे होते. अ‍ॅप बनवणाऱ्याशी करार करताना म्हणूनच तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात: खाते मालकाच्या नावे, कोड आणि सहीच्या किल्ल्या मालकाच्या ताब्यात, आणि वर्षातून एक अद्ययावतीकरण ठरलेल्या रकमेत.