विश्लेषण : अमायलेज, लायपेज वाढले... पण हा आकडा आजाराची तीव्रता सांगतो का?

बेंबीच्या वर, छातीच्या खाली अचानक असह्य दुखू लागते. कळ आरपार पाठीत जाते. उलट्या थांबत नाहीत, उताणे झोपले की दुखणे वाढते आणि पुढे वाकून बसल्यावर थोडे बरे वाटते. अशा वेळी घरात पहिले वाक्य असते, ‘पित्त खवळलंय’. रात्र जाते ती जेलुसिल आणि सोड्यावर. सकाळी डॉक्टर रक्त तपासतात, दुपारी नातेवाइकांच्या मोबाइलवर अहवालाचा फोटो येतो आणि त्यात दोन आकडे लाल रंगात असतात : अमायलेज आणि लायपेज. आकडा चार अंकी असला की घरच्यांचा धीर सुटतो, थोडासाच वाढलेला असला की हायसे वाटते. या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या ठरू शकतात.

हे दोन घटक काय आहेत?

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवा पसरलेला अवयव म्हणजे स्वादुपिंड. इन्सुलिनबरोबरच तो पाचकरसही तयार करतो. त्यातील अमायलेज पिष्ट पदार्थांचे आणि लायपेज स्निग्ध पदार्थांचे पचन करते. हे रस नळीवाटे लहान आतड्यात उतरतात. नळीच्या तोंडाशी पित्ताचा खडा अडकला किंवा दारूमुळे पेशींना इजा झाली, की रस आतड्यात पोहोचण्याआधी स्वादुपिंडातच सक्रिय होतात आणि त्या अवयवालाच जाळू लागतात. हाच स्वादुपिंडाचा तीव्र दाह. फुटलेल्या पेशींतून हे घटक रक्तात मिसळतात, म्हणून आकडा वाढतो.

किती वाढ झाली की निदान होते?

तीन गोष्टींपैकी दोन जुळाव्या लागतात : वर सांगितल्यासारखे दुखणे, प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट अमायलेज किंवा लायपेज, आणि सोनोग्राफी वा सीटी स्कॅनमध्ये दिसणारी स्वादुपिंडाची सूज. २०१२ मध्ये सुधारित झालेल्या ‘अटलांटा वर्गीकरणा’चा हा नियम आज सर्वत्र वापरला जातो. प्रत्येक प्रयोगशाळेची तपासणीपद्धत वेगळी असल्याने मर्यादाही वेगळी असते. त्यामुळे नुसता आकडा नव्हे, तर त्याच अहवालात शेजारी छापलेली मर्यादा पाहायची.

दुखणे आणि तिप्पट आकडा जुळले तर पहिल्याच दिवशी सीटी स्कॅन करण्याची घाई नको. स्वादुपिंडाचा किती भाग निकामी झाला, हे साधारण तीन दिवसांनंतरच नीट दिसते. निदानाबाबत शंका असेल किंवा प्रकृती बिघडत असेल, तर मात्र आधी करावा लागतो. सोनोग्राफी पहिल्या दिवशीच हवी. आतड्यांतील हवेमुळे अनेकदा त्यात स्वादुपिंड दिसतच नाही, पण पित्ताशयातले खडे दिसतात आणि सोनोग्राफीचा मुख्य उद्देश तोच असतो.

मग आकडा जितका मोठा, तितका आजार गंभीर?

नाही. गोंधळ होतो तो इथेच. समजावे म्हणून दोन कल्पित रुग्णांची उदाहरणे घेऊ.

पहिली रुग्ण सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातली, ४६ वर्षांची, वजन ६० किलो. रात्री जेवणानंतर दुखू लागले आणि पहाटे ती रुग्णालयात पोहोचली. अमायलेज ११८० आहे, प्रयोगशाळेची मर्यादा ११०. लायपेज २४००, मर्यादा ६०, म्हणजे चाळीस पट. नाडी १०४, श्वास मिनिटाला १८, लघवी व्यवस्थित. रक्तातील युरिया ४४.

दुसरा सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातला, ३८ वर्षांचा, दारूचे व्यसन असलेला. तीन दिवस त्याने मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर काढले. त्याचे अमायलेज २६०, म्हणजे तिप्पटही नाही. लायपेज ४१०, जेमतेम सातपट. पण नाडी १३०, श्वास मिनिटाला ३२, ऑक्सिजन ८८ टक्के, सहा तासांत लघवी जेमतेम कपभर आणि युरिया ७०.

नुसते अहवाल पाहिले तर पहिली रुग्ण धोक्यात वाटते. प्रत्यक्षात अतिदक्षता विभागाची गरज दुसऱ्याला आहे. त्याचे अमायलेज कमी दिसते, कारण ते काही तासांत वाढते आणि तीन ते पाच दिवसांत उतरते. लायपेज आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ वाढलेले राहते, म्हणून उशिरा आलेल्या रुग्णात लायपेज अधिक भरवशाचे. हे घटक किती गळले, एवढेच आकडा सांगतो. त्या गळतीने फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि रक्ताभिसरण यांचे काय झाले, हे तो सांगत नाही. त्यामुळे निदान पक्के झाल्यावर रोज अमायलेज-लायपेज तपासत राहण्याने खर्च वाढतो, उपचार बदलत नाहीत.

गंभीरता कशावरून ओळखायची?

डॉक्टर पाच गोष्टी मोजतात : युरिया, शुद्ध, वय साठपेक्षा जास्त आहे का, छातीच्या एक्स-रेत फुप्फुसाभोवती पाणी आहे का, आणि नाडी, श्वास, ताप व पांढऱ्या पेशी यांपैकी किमान दोन बिघडल्या आहेत का. प्रत्येकाला एक गुण. तीन किंवा अधिक गुण झाले, की जिवाचा धोका ठळकपणे वाढतो.

यातल्या युरियाबाबत एक बारकावा आहे. परदेशी पुस्तकांत ‘२५ पेक्षा जास्त’ अशी जी मर्यादा असते, ती युरियातील नायट्रोजनची असते. आपल्याकडील बहुतेक अहवालांत थेट युरिया छापतात. ती मर्यादा आपल्या अहवालात सुमारे ५३ होते. म्हणजे पहिल्या रुग्णाचा ४४ हा युरिया मर्यादेच्या आत आहे, दुसऱ्याचा ७० बाहेर. त्याहून महत्त्वाची आहे दिशा. सलाइन सुरू केल्यावर बारा तासांनी युरिया उतरत असेल तर उपचार लागू पडत आहेत. चढत असेल तर मोठ्या रुग्णालयाची तयारी करायची.

दहापैकी सुमारे आठ रुग्णांत हा आजार सौम्य असतो आणि आठवडाभरात आटोक्यात येतो. एखाद्या अवयवाचे काम ४८ तासांनंतरही सुधारले नाही, तर तो गंभीर प्रकार. त्यात मृत्यूचे प्रमाण मोठे असते.

पहिल्या चोवीस तासांत काय करतात?

दाह थेट थांबवणारे औषध नाही. मुख्य उपचार म्हणजे शिरेतून पाणी, वेदनाशमन आणि लक्ष ठेवणे. पूर्वी भरपूर सलाइन देण्यावर भर होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वॉटरफॉल’ या चाचणीने तो बदलला. जोरात सलाइन दिलेल्या गटात दर पाच जणांपैकी एकाच्या शरीरात पाणी जास्त झाले. बेताने दिलेल्या गटात हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होते. फायदा मात्र दिसला नाही, त्यामुळे चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

त्या बेताच्या पद्धतीने हिशेब केला, तर ६० किलोच्या आपल्या पहिल्या रुग्णाला शरीरात पाणी कमी असल्यास दोन तासांत ६०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट आणि नंतर ताशी ९० मिलिलिटर मिळेल. ताशी ३० मिलिलिटरहून जास्त लघवी होते का, हे पाहायचे. नाडी, श्वास आणि लघवी यांनुसार डॉक्टर हा वेग बदलतात. संसर्ग नसताना केवळ खबरदारी म्हणून प्रतिजैविके देण्याची गरज नसते. अनेक दिवस उपाशी ठेवण्याची पद्धतही मागे पडली आहे. उलटी थांबली आणि भूक लागली, की पहिल्याच दिवशी हलका आहार सुरू करता येतो.

दुसऱ्या रुग्णाला तालुक्याच्या ठिकाणी थांबवून ठेवणे धोक्याचे. त्याला सांगली-मिरजेच्या मोठ्या रुग्णालयात हलवताना ऑक्सिजन, शिरेतील सुई, लघवीची नळी आणि आतापर्यंतच्या पाणी-लघवीची लेखी नोंद सोबत हवी. साध्या जीपने नव्हे, १०८ रुग्णवाहिकेने.

आकडा फसवतो तो कधी?

तो दोन्ही बाजूंनी फसवतो. जठराला छिद्र पडले, आतड्याचा रक्तपुरवठा बंद झाला किंवा मूत्रपिंडे निकामी झाली, तरी हे घटक वाढतात. गालगुंडातही अमायलेज वाढते, कारण ते लाळेतही असते. म्हणून पोट फळीसारखे कडक असेल तर छिद्राची शंका घेऊन उभ्याने एक्स-रे काढतात. हृदयविकाराच्या झटक्यातही पोटाच्या वरच्या भागात दुखू शकते, म्हणून चाळिशीपुढच्या रुग्णाचा ईसीजी सगळ्यांत आधी. ऊस-द्राक्षाच्या पट्ट्यात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : फवारणी केली होती का? काही कीटकनाशकांच्या विषबाधेतही अमायलेज वाढते आणि क्वचित स्वादुपिंडालाच सूज येते.

उलट, ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर असतील तर दाह असूनही अमायलेज सामान्य दिसू शकते. अशा वेळी रक्ताचा नमुना दुधासारखा पांढुरका दिसतो. मधुमेह आटोक्यात नसलेल्या रुग्णांत हे विशेष आढळते. दुखणे नेमके तेच आणि आकडा साधा असेल, तर लायपेज व ट्रायग्लिसराइड तपासून घ्यावे लागतात.

बरे वाटल्यावर विषय संपतो का?

पहिल्या रुग्णाच्या सोनोग्राफीत बारीक खडे निघाले. यकृताच्या तपासणीतील एएलटी २१२ होते. पहिल्या दोन दिवसांत ते १५० च्या वर असणे खड्यांकडेच बोट दाखवते. पाचव्या दिवशी तिला बरे वाटते आणि घरचे म्हणतात, ‘सुगी होऊ दे, मग ऑपरेशनचं बघू.’ हा निर्णय महागात पडू शकतो. बारीक खडेच नळीत सहज घसरतात. नेदरलँड्समधील २०१५ च्या चाचणीत सौम्य दाह झालेल्या रुग्णांचे पित्ताशय त्याच मुक्कामात काढले, तेव्हा त्यांपैकी पाच टक्के जणांना पुन्हा खड्यांमुळे दाखल व्हावे लागले किंवा जिवावर बेतले. महिनाभराने शस्त्रक्रिया ठरवलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. गंभीर आजारात मात्र सूज आणि साचलेले पाणी ओसरेपर्यंत थांबावेच लागते.

दुसरा रुग्ण वाचला, तर त्याच्यासाठी शस्त्रक्रिया नाही. त्याच्यासाठी दारू पूर्ण बंद, ‘कमी’ नव्हे. दारू सुरू राहिली तर दाह पुन्हापुन्हा होतो, आणि दर वेळी स्वादुपिंडाचा थोडा भाग कायमचा जातो. पुढे मधुमेह आणि अपचन मागे लागते.

म्हणून मोबाइलवर अहवालाचा फोटो आला की लायपेज किती, यावर थांबू नका. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : श्वास आणि लघवी कशी आहे, युरिया चढतोय की उतरतोय, आणि सोनोग्राफीत खडे आहेत का? रुग्ण आज कुठे असायला हवा, हे या तीन उत्तरांवरून ठरते.