घसरण किती आणि भरपाई केव्हा?

चिखली, मेहकर किंवा खामगाव येथील शिक्षकाला निवृत्तीनंतर भविष्य निर्वाह निधीची रक्कम एकरकमी हाती येते, तेव्हा ती बँकेच्या वा पतसंस्थेच्या मुदत ठेवीत जमा करण्याची जुनी रीत आहे. अलीकडे मात्र तिचा काही भाग म्युच्युअल फंडांच्या मार्गाने समभागांकडे वळू लागला असून, तो भाग किती असावा याचा निर्णय बहुधा सरासरी परताव्याच्या आकड्यावरून होतो. सरासरी हा दीर्घ काळाचा गोषवारा होय. वाटेत रक्कम किती खाली जाईल आणि किती काळ खाली राहील, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी दोन निराळी परिमाणे लागतात. उच्चांकापासून पुढील नीचांकापर्यंत झालेली सर्वांत मोठी घट म्हणजे कमाल घसरण, आणि उच्चांकाच्या दिवसापासून तोच आकडा पुन्हा दिसेपर्यंत जाणारी मुदत म्हणजे भरपाईचा काळ.

8 जानेवारी 2008 रोजी मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स 20,873 वर बंद झाला आणि 9 मार्च 2009 रोजी तो 8,160 वर आला. म्हणजे चौदा महिन्यांत 61 टक्के मूल्य नाहीसे झाले. एवढी घट भरून काढण्यास 61 टक्के वाढ पुरत नाही, कारण पुढची वाढ उरलेल्या लहान रकमेवर मोजली जाते. 8,160 चे पुन्हा 20,873 होण्यास 156 टक्के वाढ लागली, आणि जुना आकडा दिसला तो 2010 च्या दिवाळीत, जवळजवळ दोन वर्षे दहा महिन्यांनी. त्यानंतरही निर्देशांक पुन्हा घसरला व त्या पातळीच्या वर परतण्यास ऑक्टोबर 2013 उजाडला.

आता समजा, त्या जानेवारीत दोघा निवृत्तांनी प्रत्येकी 10 लाख रुपये गुंतविले. पहिल्याने 7 लाख समभागांत व 3 लाख ठेवीत ठेवले, दुसऱ्याने नेमके उलट केले. समभाग सेन्सेक्सप्रमाणे चालले, लाभांश जमेस धरला नाही आणि ठेवीवर 8 टक्के सरळ व्याज मिळाले, असे धरू. नीचांकाच्या दिवशी पहिल्याजवळ सुमारे 6 लाख 2 हजार, तर दुसऱ्याजवळ 8 लाख 83 हजार उरले. जुलै 2009 अखेर सेन्सेक्स 15,670 वर असताना दुसऱ्याची मूळ रक्कम व्याजाच्या आधाराने भरून आली होती. पहिल्याला त्यासाठी सप्टेंबर 2010 पर्यंत थांबावे लागले.

परंतु थांबणे प्रत्येकाच्या हाती नसते. मार्च 2009 मध्येच मुलीच्या लग्नासाठी 4 लाखांची निकड आली असती, तर दुसऱ्याचे काम ठेवीतून भागले असते. पहिल्याची ठेव व्याजासह 3 लाख 28 हजार. उरलेले 72 हजार उभे करण्यास त्याला आपल्या समभागांचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग नीचांकी भावात विकावा लागला असता, आणि सप्टेंबर 2010 मध्ये त्याच भागाचे मूल्य सुमारे 1 लाख 77 हजार झाले असते. बाजार सावरला तरी विकून टाकलेला समभाग सावरत नाही. कागदावरची तात्पुरती घट कायमची होते ती अशा सक्तीच्या विक्रीमुळे.

यास्तव समभागांचा हिस्सा ठरविताना हिशेब शेवटाकडून आरंभाकडे करावा. येत्या पाच-सहा वर्षांत लागणाऱ्या रकमा, मग ते लग्न असो, घराची दुरुस्ती असो वा शेतातील विहीर, प्रथम वेगळ्या काढून ठेवीत ठेवाव्यात. उरलेल्या रकमेत किती टक्के घट दिसली तरी आपण विक्री करणार नाही, तो आकडा प्रामाणिकपणे लिहावा आणि समभाग 60 टक्के पडतील असे धरून त्यास 60 ने भागावे: 20 टक्के घट सोसवत असेल तर समभाग एकतृतीयांश, 30 टक्के सोसवत असेल तर निम्मे. ठेवीचे व्याज या हिशेबात धरलेले नाही. ते राखीव समजावे.

तथापि गतकाळातील कमाल घसरण ही भविष्याची कमाल मर्यादा नव्हे. जपानचा निक्केई निर्देशांक 1989 च्या डिसेंबरअखेर 38,915 वर होता. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली फेब्रुवारी 2024 मध्ये. उलट 2020 च्या मार्चमधील आपली 38 टक्क्यांची घसरण त्याच नोव्हेंबरात भरून निघाली, आणि त्या वेगाची सवय जडलेल्या गुंतवणूकदाराला 2008 ची मुदत अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे. शिवाय मूळ आकडा परत दिसला तरी मधल्या काळातील महागाईने त्याची क्रयशक्ती घटलेली असते. म्हणून ज्या रकमेला परतण्यासाठी पाच-सहा वर्षांचा अवकाश देता येत नाही, ती समभागांच्या हिश्श्यात धरू नये.