हजारातून तीनशे सत्तेचाळीस

१००० मधून ३४७ वजा करायला सांगितले की काही मुलांच्या वहीत ७६३ हे उत्तर सापडते. खरे उत्तर ६५३. पण ७६३ हा नुसता निष्काळजीपणा नसतो. मुलाने हातच्याचा नियम पाळलेलाच असतो, फक्त अर्धा. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून प्रत्येक शून्याचे दहा करायचे आणि डावीकडचा एक खोडायचा. दहातून सात गेले, तीन. दहातून चार गेले, सहा. दहातून तीन गेले, सात.

आता त्याने वरच्या ओळीत काय मांडले ते मोजून पाहा. दहा शतकांचे १०००, दहा दशकांचे १०० आणि दहा एककांचे १०. म्हणजे वजाबाकी हजारातून झालीच नाही, १११० मधून झाली. उत्तर नेमके ११० ने जास्त आले ते त्यामुळेच.

हातचा घेताना बाहेरून काहीच येत नसते. हजार रुपये मोडून आणावेत तसे हे आहे. हजाराच्या शंभराच्या दहा नोटा होतात. त्यातली एक मोडून दहाच्या दहा नोटा घेतल्या की शंभराच्या नऊ उरतात. दहाची एक मोडून रुपयाची दहा नाणी घेतली की दहाच्याही नऊच उरतात. ९०० अधिक ९० अधिक १०, रक्कम हजारच. मधल्या घरात दहा आले खरे, पण त्यातला एक लगेच उजवीकडे द्यावा लागला, म्हणून तिथे नऊ. एककाला पुढे कोणाला द्यायचे नसते, म्हणून तिथे दहा. मग दहातून सात गेले तीन, नवातून चार गेले पाच, नवातून तीन गेले सहा.

इथे अनेक घरांत 'शून्याचे नऊ करायचे' असे पाठ करून घेतात. ते मला घातक वाटते. ५०४० मधून ३१७ वजा करा. एककाला दशकाकडून हातचा मिळतो, चाराचे तीन होतात आणि तीनातून एक सहज जातो. पुढे शतकाचे शून्य पाचाकडून हातचा घेते, पण त्याच्याकडे उजवीकडून कोणी मागितलेले नसते. म्हणून ते दहाच राहते आणि उत्तर येते ४७२३. पाठ केलेल्या नियमाने ४६२३ येईल, शंभराने कमी. शून्याचे काय होणार, हे त्याला पुढे द्यावे लागले की नाही यावर ठरते.

मुलाचे उत्तर चुकले की फक्त वरची मोडलेली ओळ त्याला बेरीज करायला लावावी. मूळ संख्या परत आली नाही, तर चूक वजाबाकीत नाही, मोड करण्यात आहे.