भूगोलाचं नाव काढेल त्याला मैदानाची फेरी

दहावीचा शेवटचा पेपर बहुधा भूगोलाचा असतो. 40 गुणांचा, 11 ते 1, आणि अलीकडे वर आणखी 10 मिनिटं. पर्यवेक्षकांनी उत्तरपत्रिका गोळा केल्या की मुलं फाटकाबाहेर येतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘जोड्या लावामध्ये तिसरं काय लिहिलंस?’ खरं तर आता जगात काहीही झालं तरी ती जोडी बदलणार नाही. निकाल मे महिन्यात. मधल्या काळात हा प्रश्न विचारून मिळतो तो फक्त जिवाला घोर. गंमत म्हणजे दोघांची उत्तरं जुळली तरी पुरतं समाधान होत नाही, कारण दोघंही चुकलेले असू शकतात. आणि नाही जुळली, तर एकाची संध्याकाळ गेलीच.

म्हणून दरवर्षी मार्चमध्ये वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी उत्साही जीव मेसेज टाकतो: ‘परीक्षा संपली!!! चला सगळे भेटू या. कधी, कुठे सांगा. आणि प्लीज, पेपर, मार्क, टक्केवारी, अकरावीचं ॲडमिशन यांबद्दल कोणीही बोलायचं नाही!’

हेतू चांगला, पण मेसेज फसतो. त्याची दोन कारणं आहेत. पहिलं साधं आहे. ‘कधी, कुठे सांगा’ असं म्हटलं की ग्रुपवर पन्नास मेसेज पडतात, कोणाला चार वाजता क्लास असतो, कोणाला मैदान लांब पडतं, आणि शेवटी भेट होतच नाही. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. या मेसेजने जे जे टाळायचं त्याची यादीच वाचून दाखवली. टक्केवारी ज्याच्या डोक्यात नव्हती त्याच्याही डोक्यात आता ती शिरली.

डॅनियल वेगनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्याने विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे त्यांना अस्वलाचा विचार करायला मोकळीक दिली तेव्हा, ज्यांना आधी मनाई केली होती त्यांच्या मनात ते इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. काही जणांना सांगितलं होतं, अस्वल आठवलं तर त्याऐवजी लाल फोक्सवॅगन गाडी डोळ्यांसमोर आणा. त्यांच्या बाबतीत अस्वलाने नंतर एवढा धुमाकूळ घातला नाही.

आपल्या मेसेजला हवी आहे ती ही लाल गाडी. ‘बोलू नका’ एवढ्याने भागत नाही, त्या जागी दुसरं काहीतरी द्यावं लागतं, आणि ते हातापायांना कामाला लावणारं असलं तर उत्तम. हॉटेलात टेबलाभोवती दहा जण बसले की ऑर्डर येईपर्यंत बोलण्याशिवाय दुसरं काम नसतं, आणि त्या वीस मिनिटांत भूगोल येणारच. मैदानावर मात्र कॅच सुटला यावर भांडायलाच वेळ पुरत नाही.

तेव्हा तोच मेसेज नव्याने असा लिहिता येईल:

‘सुटलो रे बाबांनो! आज संध्याकाळी साडेपाच, शाळेमागचं मैदान. बॅट मी आणतो, बॉल कोण आणतंय? मुलं-मुली मिसळून दोन टीम. सातनंतर कोपऱ्यावर भेळ, काँट्री 40 रुपये. साडेआठला सगळे घरी. भूगोलाचं नाव काढेल त्याला मैदानाची एक फेरी. ब्राझील चालेल, पण फुटबॉलपुरतंच! येणाऱ्यांनी अंगठा टाका.’

ब्राझीलचा विनोद दहावीच्या मुलांना वेगळा सांगावा लागत नाही. राज्य मंडळाचं भूगोलाचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवरच बेतलेलं आहे, आणि अवर्षण चतुष्कोन नकाशात दाखवून दाखवून मुलं थकलेली असतात. नियम सांगायचा तर असा, हसत हसत आणि एका ओळीत. त्या ओळीत फक्त भूगोल आहे. गणित, टक्के, अकरावी यांची आठवणसुद्धा काढलेली नाही.

शिक्षेबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. बहुतेक ग्रुपांवर ‘जो पेपरबद्दल बोलेल त्याने सगळ्यांना पाणीपुरी’ असं ठरतं. दहा जणांना तीस रुपयांची एकेक प्लेट म्हटली तरी तीनशे रुपये होतात. दहावीच्या मुलाकडे ते कुठून असणार? शिवाय पेपरचा विषय पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघतो? ज्याला तो सगळ्यात अवघड गेला, त्याच्या. म्हणजे दंड नेमका त्यालाच. मैदानाची फेरी मारताना निदान तोही हसतो. आणि एखादा पुन्हा पुन्हा तेच विचारू लागला, ‘पण तू गाळलेल्या जागेत काय लिहिलंस?’, तर त्याची जीभ घसरलेली नसते, त्याला धास्ती वाटत असते. त्याला फेरी मारायला लावू नये. एकाने त्याच्याबरोबर भेळवाल्यापर्यंत पुढे चालत जावं आणि पाच मिनिटं ऐकून घ्यावं. तेवढ्यापुरता नियम मोडला तर बिघडत नाही.

‘सातनंतर भेळ’ हेही उगाच नाही. गेली काही वर्षं रमजान आणि बोर्डाची परीक्षा यांची गाठ पडते आहे. मार्चच्या मध्यात आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. वर्गात कोणाचा रोजा असेल तर खाणं त्याच्यानंतर ठेवलं की झालं, मेसेजमध्ये कोणाचं नाव घ्यायला नको. साडेआठची वेळ आईवडिलांसाठी आहे. परतायची वेळ आधी कळली की घरून परवानगी पटकन मिळते, विशेषतः मुलींना.

बारावीचं गणित वेगळं. तिथे विषय वेगवेगळे, त्यामुळे प्रत्येकाचा शेवटचा पेपर वेगळ्या दिवशी. एकाचा संपलेला असतो, दुसरा अजून जर्नल चाळत असतो. त्याच्या फोनवर ‘सुटलो रे!’ पडलं तर तो काय करेल? ग्रुपमधल्या शेवटच्या माणसाचा पेपर होईपर्यंत थांबलेलं बरं. आणि विज्ञान शाखेच्या मुलांसमोर सीईटी, जेईई, नीट उभ्या असतात. त्यांना ‘आता टेन्शन संपलं’ असं लिहिणं म्हणजे चेष्टाच. त्यांच्यासाठी ‘आज संध्याकाळपुरती सुट्टी’ एवढंच खरं.

2020 च्या दहावीच्या मुलांना मात्र हा मेसेज पाठवायची वेळच आली नाही. करोनामुळे 23 मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि मग रद्दच झाला. गुण इतर विषयांच्या सरासरीवरून मिळाले.

राहता राहिला तो, ज्याने अंगठा टाकलेला नाही. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. त्याला ग्रुपवर ‘अरे तू येतोयस ना?’ असं सगळ्यांदेखत विचारलं की तो ‘बघतो’ म्हणतो, आणि ‘बघतो’चा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. त्याला वेगळा मेसेज करायचा आणि प्रश्नही विचारायचा नाही: ‘सव्वापाचला तुझ्या बिल्डिंगखाली येतो. बॉल तूच आण, माझा फुटलाय.’